पहिल्या वाक्यात बातमी कुठे आहे?

5 डिसेंबर 2012 रोजी सिटीग्रुप या बलाढ्य अमेरिकी बँकसमूहाने एक इंग्रजी प्रसिद्धीपत्रक काढले. मूळचे नागपूरचे विक्रम पंडित त्या समूहाच्या प्रमुखपदावरून पायउतार होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या मायकेल कॉर्बट यांचा हा पहिला मोठा निर्णय होता, त्यामुळे सगळ्यांचे त्याकडे लक्ष होते. पत्रकाचे पहिले वाक्य तिसेक शब्दांचे आहे. सिटीग्रुपने आज 'रीपोझिशनिंग ॲक्शन्स'ची मालिका जाहीर केली आहे, त्यामुळे खर्च आणखी कमी होईल, कार्यक्षमता सुधारेल आणि ग्राहकांची सेवा करण्याची, विशेषतः उदयोन्मुख बाजारपेठांतली, सिटीची आगळी क्षमता कायम राहील, असा त्याचा मथितार्थ. दुसऱ्या वाक्यात तर कळसच आहे. या कृतींतून 'ऑप्टिमाइज्ड कन्झ्युमर फूटप्रिंट अक्रॉस जिऑग्राफीज' साध्य होणार, असे ते सांगते.

दोन्ही वाक्ये पुन्हा वाचा. बँकेने केले काय, ते कळते का?

त्याच दिवशी जगभरच्या बातमीदारांनी हे पत्रक वाचले आणि एका ओळीत बातमी दिली: सिटीग्रुप 11,000 नोकऱ्या कमी करणार. आकडा पत्रकात होताच, कुणी खणून काढलेला नव्हता. तो फक्त पहिल्या परिच्छेदात नव्हता. कोणत्या विभागातून किती माणसे जाणार, कोणत्या देशांतल्या किती शाखा बंद होणार, खर्च किती, बचत किती, हे सगळे खाली व्यवस्थित लिहिलेले होते. पत्रक खोटे नव्हते, अपुरेही नव्हते. ते उलटे लिहिलेले होते, एवढेच.

इंग्रजी प्रेसनोट दुरुस्त करणे हे काम महाराष्ट्रातही रोज चालते. मुंबई-पुण्यातल्या पीआर एजन्सींत, कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांत, विद्यापीठांत आणि वर्तमानपत्रांच्या डेस्कवर कुणीतरी इंग्रजी मजकूर समोर घेऊन बसलेले असते. बहुतेकांची समजूत अशी की काम भाषेचे आहे: व्याकरण बघायचे, स्पेलिंग बघायचे, दोन-चार विशेषणे उडवायची. विशेषणे उडवावी लागतातच. पण सराईत माणूस सुरुवात तिथून करत नाही. तो आधी बातमी शोधतो, आणि त्यासाठी पत्रक बहुतेक वेळा खालून वर वाचतो.

खालून का, ते सिटीच्या पत्रकावरच पाहू. तळाशी कंपनीची ओळख असते, ती दर वेळी तीच. ती सोडून द्यायची. भविष्याविषयीच्या विधानांचा कायदेशीर इशारा असतो, त्याकडे नंतर येऊ. त्याच्या वर तपशील लागतात. इथे हातात पेन्सिल घ्यायची आणि फक्त दोन गोष्टींखाली रेघ मारायची: आकडे, आणि ज्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते असे क्रियापद. सिटीच्या पत्रकात अशा रेघा मारल्या तर उरते ते असे. सुमारे 11,000 पदे कमी होणार, त्यातली सर्वाधिक, सहा हजारांहून थोडी अधिक, ग्राहक बँकिंगमधली. 84 शाखा बंद किंवा एकत्र होणार. त्यातल्या 44 अमेरिकेत, बाकीच्या कोरिया, ब्राझील, हाँगकाँग आणि हंगेरीत. पाकिस्तान, पराग्वे, रोमेनिया, तुर्कस्तान आणि उरुग्वे या पाच देशांतला ग्राहक बँकिंगचा व्यवसाय विकायचा किंवा बराच आटोपता घ्यायचा. यासाठी त्या तिमाहीत करपूर्व सुमारे 1 अब्ज डॉलरचा भार आणि पुढच्या सहामाहीत आणखी सुमारे 10 कोटी. बदल्यात 2013 मध्ये 90 कोटी डॉलरची आणि 2014 पासून दरवर्षी 1.1 अब्जांहून अधिक बचत अपेक्षित.

आता हा ढीग समोर ठेवून एक प्रश्न विचारायचा: उद्या चहाच्या टपरीवर एक माणूस दुसऱ्याला यातले काय सांगेल? 'फूटप्रिंट ऑप्टिमाइज झाला' असे कुणी सांगणार नाही. 'सिटीबँक अकरा हजार लोकांना काढतेय' असे सांगेल. मराठी वर्तमानपत्रांत ज्याला इंट्रो म्हणतात, त्या पहिल्या परिच्छेदात हेच वाक्य हवे.

कंपनीची बाजू इथे ऐकून घ्यायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. हे पत्रक मुळात गुंतवणूकदारांसाठी होते, आणि त्यांच्यासाठी बातमी नोकऱ्या ही नाही, बचत ही आहे. त्या दिवशी सिटीचा शेअर सहा टक्क्यांच्या आसपास वधारला. म्हणजे ज्यांना कळायचे त्यांना कळले. बातमी कोणती, हे वाचक कोण यावर ठरते, हे खरेच आहे. पण मग गुंतवणूकदारासाठी तरी नीट इंट्रो लिहायचा होता. 'सिटीग्रुप विल कट अबाउट 11,000 जॉब्स अँड क्लोज 84 ब्रांचेस, अ मूव्ह इट एक्स्पेक्ट्स टू सेव्ह मोअर दॅन 1.1 बिलियन डॉलर्स अ इयर फ्रॉम 2014.' अवघ्या पंचविसेक शब्दांत काम झाले. मूळ वाक्यापेक्षा ते लहान आहे, नोकरदारालाही कळते आणि भागधारकालाही. पुढच्या वाक्यात एकदाच येणारा 1.1 अब्जांचा खर्च घातला, की वर्षभराच्या बचतीइतकाच तो आहे हे वाचकाला न सांगता दिसते. बँकेच्या दृष्टीने यात लपवण्यासारखे काही नव्हते, उलट मिरवण्यासारखेच होते. तरीही वाक्य तसे लिहिले गेले नाही, कारण 'काढणार' हे क्रियापद लिहायला कुणाचा हात धजत नाही.

प्रेसनोटमधल्या ठोकळेबाज शब्दांना आपण सजावट समजतो. माझ्या मते तो गैरसमज आहे. असा शब्द जिथे बसलेला असतो, तिथे बहुधा एखादी माहिती असायला हवी होती. ती कुणी काढून टाकली तरी आहे, किंवा लिहिणाऱ्याला मिळालीच नव्हती. म्हणून ठोकळा नुसता कापून भागत नाही. त्याच्या जागी काय होते, हे विचारावे लागते.

सिटीच्या पत्रकात माहिती हाताशी होती, फक्त झाकलेली होती. आपल्याकडे येणाऱ्या नेहमीच्या प्रेसनोटमध्ये अडचण वेगळी असते. समजा, शीतगृहांच्या व्यवसायातल्या एका कंपनीची इंग्रजी नोट आली आहे. तिचा इंट्रो नेहमीच्या वळणाचा असेल: 'अ लीडिंग प्रोव्हायडर ऑफ इनोव्हेटिव्ह, एंड-टू-एंड कोल्ड चेन सोल्यूशन्स, टुडे इज थ्रिल्ड टू अनाउन्स अ स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप दॅट मार्क्स अ सिग्निफिकंट माइलस्टोन इन इट्स जर्नी टू एम्पॉवर फार्मर्स.'

यावर कात्री चालवू. 'लीडिंग' आधी जाईल. कोणतीही कंपनी आपण मागे पडलेल्या आहोत असे छापत नाही. ज्या शब्दाच्या विरुद्ध शब्द कुणीच स्वतःबद्दल वापरणार नाही, तो शब्द काही सांगत नसतो. 'इनोव्हेटिव्ह'लाही तोच न्याय. 'एंड-टू-एंड' म्हणजे शेतापासून दुकानापर्यंत असेल तर तसे लिहा. नसेल तर तो खोटा आहे. 'थ्रिल्ड' काढा, आनंद झाला ही बातमी नव्हे. 'टुडे अनाउन्स' काढा, पत्रक काढले म्हणजे जाहीर केलेच. 'माइलस्टोन' आणि 'जर्नी' ही जोडी नेहमी एकत्र फिरते, एकदमच काढा. 'सोल्यूशन्स' या शब्दापाशी मात्र थांबायचे, कारण त्याच्या खाली नाम दडलेले असते. कंपनी विकते काय? शीतगृहाची जागा, की रेफ्रिजरेटेड ट्रक, की तापमान मोजणारी यंत्रे?

एवढे कापल्यावर हातात राहते: एका कंपनीने कुणाशी तरी भागीदारी केली. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आता कात्री खाली ठेवून फोन उचलायचा. प्रश्न साधे असतात, पण ते ठरावीक क्रमाने विचारलेले बरे. कालपर्यंत जे नव्हते ते आज किंवा उद्या काय असणार आहे? कुठे, कधीपासून? किती मोठे? पैसे कोण देणार, कुणाला मिळणार? यामुळे कुणाचे रोजचे काम बदलणार? 'भागीदारी'चे उत्तर असे निघू शकते: नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या आवारात 500 टनांचे शीतगृह बांधायचे, जानेवारीत द्राक्षांचा हंगाम ऐन भरात येण्यापूर्वी ते सुरू करायचे, आणि सभासदांना किलोमागे ठरलेल्या भाड्याने जागा द्यायची. ही बातमी आहे. हे लिहिले की 'एम्पॉवर फार्मर्स' लिहावे लागत नाही. भाव पडलेला असताना माल चार दिवस थांबवता येणार, हे द्राक्षबागायतदाराला सांगायला लागत नाही.

आणि कधी फोनवरचे उत्तर असेही येते की अजून काही ठरलेले नाही, फक्त सामंजस्य करार झाला आहे. तेव्हा संपादन करणाऱ्याची खरी कसोटी लागते. सामंजस्य करारावर सह्या होणे आणि गुंतवणूक होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. दरवर्षी दावोसला महाराष्ट्र सरकार जे करार करते, त्यांच्या बातम्या वाचताना हा फरक किती सहज पुसला जातो ते आपण पाहतोच. 'विल इन्व्हेस्ट' असे ठाम क्रियापद वाचायला छान वाटते, पण खरे क्रियापद 'हॅज साइन्ड ॲन एमओयू टू इन्व्हेस्ट' हे असेल, तर तेच ठेवावे लागते, वाक्य कितीही लंगडे झाले तरी. कापाकापीच्या उत्साहात नवशिक्याकडून हमखास होणारी चूक ही आहे. ठोकळेबाज शब्द आणि आवश्यक शब्द वरवर सारखेच दिसतात.

सिटीच्या पत्रकातही असे शब्द आहेत. 'एक्स्पेक्ट्स', 'अप्रॉक्सिमेटली', 'प्री-टॅक्स'. यातले 'अप्रॉक्सिमेटली' बदलून 'अबाउट' करता येते, वाचायला हलके होते. पण काढून टाकता येत नाही. 'एक्स्पेक्ट्स' काढला तर अंदाजाचे आश्वासन होते. तळाच्या कायदेशीर इशाऱ्याचे महत्त्वही हेच. अमेरिकेत 1995 च्या एका कायद्याने भविष्याविषयीच्या विधानांना खटल्यांपासून काही संरक्षण दिले, पण ती विधाने तशी ओळखता यायला हवीत आणि सोबत सावधगिरीचा अर्थपूर्ण मजकूर हवा, अशी अट घातली. म्हणून तो कंटाळवाणा परिच्छेद दर पत्रकाखाली असतो, आणि त्याला हात लावायचा नसतो. आपल्याकडे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला महत्त्वाच्या घडामोडी सेबीच्या नियमांनुसार ठरलेल्या मुदतीत बाजाराला कळवाव्या लागतात, आणि प्रेसनोट बहुधा त्या माहितीसोबतच जाते. तिथे एक सांगायचे आणि वर्तमानपत्राला दुसरे, असे चालत नाही. तेव्हा वाक्यांचा क्रम बदला, भाषा सोपी करा. आकड्याला आणि त्याच्या अटीला धक्का लावू नका.

अवतरणांची गोष्ट आणखी वेगळी. प्रत्येक प्रेसनोटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात साहेब बोलतात, आणि बहुधा जे कुणी कधी बोलत नाही तेच बोलतात. कॉर्बट यांच्या तोंडीही ही पावले म्हणजे सिटीच्या परिवर्तनातला तर्काला धरून असलेला पुढचा टप्पा आहे, अशा अर्थाचे वाक्य होते. वर्तमानपत्राच्या उपसंपादकाला अवतरणचिन्हांच्या आतले शब्द बदलता येत नाहीत. त्याच्यापुढे दोनच वाटा: वाक्य वगळायचे, किंवा त्यातला अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायचा. जनसंपर्क विभागातल्या माणसाला तिसरी वाट असते. तो साहेबांकडे जाऊन नवे वाक्य मागू शकतो. मागताना 'काहीतरी प्रतिक्रिया द्या' असे म्हटले की पुन्हा 'थ्रिल्ड'च मिळते. 'शाखा बंद करायच्या तर याच पाच देशांतला व्यवसाय का निवडला?' असे विचारले की कारण मिळते. अवतरणात निर्णयामागचे कारण किंवा एखादी अडचण असावी. जी माहिती पत्रकात आधीच आली आहे, ती साहेबांच्या तोंडून पुन्हा वदवून घेण्यात अर्थ नसतो.

जाता जाता, प्रेसनोटचा जन्मच अशा एका प्रसंगातून झाला असे मानतात, जिथे बातमी लपवण्यापेक्षा सांगणे शहाणपणाचे ठरले. 28 ऑक्टोबर 1906 रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. तोवर रेल्वे कंपन्यांचा रिवाज अपघात झाकण्याचा होता. कंपनीचा प्रसिद्धी सल्लागार आयव्ही ली याने उलट केले. त्याने बातमीदारांना घटनास्थळी नेले आणि काय घडले याचे लेखी निवेदन वाटले, आणि न्यूयॉर्क टाइम्सने ते जसेच्या तसे छापले. आज संपादकीय डेस्कवर प्रेसनोट जशीच्या तशी छापली जाणे हे लाजिरवाणे मानतात. पण ते निवेदन तसे छापता आले, कारण त्यात घटना होती.

उलट उदाहरण हवे असेल तर जुलै 2014 मधले मायक्रोसॉफ्टचे स्टीफन एलॉप यांचे पत्र आहे. ते कर्मचाऱ्यांसाठी होते, पण कंपनीने जाहीरपणेही प्रसिद्ध केले. 'हॅलो देअर' अशी मोकळीढाकळी सुरुवात, मग रणनीती, उत्पादने, एकत्रीकरण, आणि अकराव्या परिच्छेदात सुमारे 12,500 नोकऱ्या जाणार असल्याचे वाक्य. ज्यांची नोकरी जाणार, त्यांनाच दहा परिच्छेद फोनच्या मॉडेलांविषयी वाचायला लावले. त्या पत्राची पुढे कित्येक दिवस जी टिंगल झाली, तिचा रोख नोकरकपातीपेक्षा या क्रमावरच अधिक होता.

आता संपादन करून झालेल्या प्रतीचे काय होते, तेही सांगायला हवे, कारण पुस्तकी सल्ल्यात ते येत नाही. तुम्ही इंट्रो बदलता, आकडा वर आणता, 'रीपोझिशनिंग' खोडून 'कट' लिहिता आणि प्रत मंजुरीला पाठवता. ती मनुष्यबळ विभागाकडे जाते, मग विधी विभागाकडे, मग मोठ्या साहेबांच्या कार्यालयात. प्रत्येक टेबलावर एकेक ठोकळा परत येऊन बसतो. विधी विभागाला 'जॉब्स' नको, 'पोझिशन्स' हवे. त्यात तथ्यही असते, कारण काही जागा मुळात रिकाम्याच असतात आणि त्या रद्द केल्या म्हणून कुणी माणूस जात नाही. ती दुरुस्ती मुकाट्याने घ्यावी. साहेबांच्या कार्यालयाला 'लीडिंग' परत हवे असते. त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नये. तो शब्द तळाच्या ओळखपरिच्छेदात ठेवला की सगळे खूष राहतात आणि तो परिच्छेद तसाही कुणी छापत नाही.

भांडायचे ते दोनच जागांसाठी: शीर्षक आणि पहिले वाक्य. ईमेल उघडण्यापूर्वी बातमीदाराला दिसते ते शीर्षक, आणि उघडल्यावर तो हमखास वाचतो ते पहिले वाक्य. त्यापुढचे त्याला पटले तरच. शीर्षक मी नेहमी शेवटी लिहितो आणि त्यात कर्ता, क्रियापद आणि जमल्यास एक आकडा असतो. सिटीच्या पत्रकाच्या शीर्षकात कर्ता होता, क्रियापद 'अनाउन्सेस' होते आणि कर्माच्या जागी पुन्हा 'रीपोझिशनिंग ॲक्शन्स'. तिथे 'सिटी टू कट अबाउट 11,000 पोझिशन्स, क्लोज 84 ब्रांचेस' एवढे लिहून, 'रीपोझिशनिंग' हा शब्द हवाच असेल तर तिसऱ्या परिच्छेदात घ्यावा, अशी तडजोड बहुतेक विधी विभागांना मान्य होते.